कमी झालेला ठणका परत का आला?

पत्र

डॉक्टर मॅडम, बाळ होऊन आज नववा दिवस. नॉर्मल डिलिव्हरी झाली, पण खाली फाटलं म्हणून टाके पडले. 'दुसऱ्या डिग्रीचं आहे, टाके आपोआप विरघळतील' एवढंच सांगून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. गोळ्या दुधात उतरतील या भीतीने मी चौथ्या दिवशी बंद केल्या. तरी पाचव्या-सहाव्या दिवशी इतकं बरं वाटत होतं की बसून पाजायला लागले. परवा रात्रीपासून मात्र डाव्या बाजूला पुन्हा ठणकतंय. काल लघवीच्या वेळी दोऱ्याचा तुकडा गळून पडला. पॅडवर पिवळसर डाग असतो आणि वास नेहमीसारखा नाही. थर्मामीटरवर ९९.४ आलं. सासूबाई म्हणतात, टाके भरताना दुखतंच. तीन दिवस शौचाला गेले नाही, टाके तुटतील असं वाटतं. सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत थांबू का?

उत्तर

थांबू नका. आज, फार तर उद्या सकाळी, जिथे टाके घातले तिथे जाऊन जखम दाखवा. जाताना हे पत्र जवळ ठेवलंत तरी चालेल, कारण डॉक्टरांना जे विचारायचं असतं ते जवळजवळ सगळं तुम्ही त्यात लिहिलं आहे.

मी इतकी ठाम का आहे ते सांगते. या जखमेत दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठल्या दिशेने चाललंय हे जास्त बोलकं असतं. पहिले दोन-तीन दिवस सूज चढते आणि तेव्हा दुखणं सगळ्यांत जास्त असतं. मग रोज थोडं थोडं उतरत जातं. दुसऱ्या आठवड्यात बसताना अवघडल्यासारखं वाटतं, टाके ओढल्यासारखे होतात, मधूनच खाज सुटते. हे सगळं जखम भरत असल्याचं लक्षण. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं या अर्थाने बरोबरच आहे. पण उतरलेलं दुखणं सातव्या दिवशी पुन्हा चढावं, तेही एकाच बाजूला आणि ठणका लागावा, हे भरत्या जखमेचं वागणं नाही.

गोळ्या बंद केल्याने असं झालं असेल का? तसं असतं तर चौथ्या-पाचव्या दिवशीच कळलं असतं आणि सगळीकडे सारखं दुखलं असतं. गोळ्या नसतानाही तुमचे दोन दिवस बरे गेले, म्हणजे कारण त्यानंतर आलेलं आहे. बसून पाजायला लागल्याने ताण पडला, हेही शक्य आहे. पोट साफ नसल्याने खाली जड वाटणं, मूळव्याध सुजणं, हेही. पण यांपैकी एकानेही वास येत नाही. डाव्या बाजूचा ठणका, पिवळा डाग आणि बदललेला वास ही तीन एकत्र आली की जखमेत जंतू शिरलेत असं धरूनच आम्ही पुढे जातो. ते नसलं तर उत्तमच, पण हे पाहिल्याशिवाय ठरत नाही.

ताप नाही, या एका गोष्टीवर विसंबू नका. टाक्यांमधला संसर्ग बहुतेक वेळा सुरुवातीला त्या जागेपुरताच असतो आणि अंगात ताप येतच नाही. ताप येईपर्यंत वाट पाहिली तर संसर्ग रक्तात उतरण्याची वाट पाहिल्यासारखं होईल.

आता तो दोरा. त्याची काळजी सोडा. या जागी जो विरघळणारा दोरा वापरतात, त्याचा जोर साधारण दहा ते चौदा दिवसांत संपतो. आतला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं, बाहेरच्या गाठी मात्र सुटून पॅडवर किंवा पाण्याबरोबर निघून येतात. दुसऱ्या आठवड्यात एखादा तुकडा दिसणं ठरलेलंच आहे. दुसऱ्या डिग्रीच्या फाटण्यात त्वचेखालचा स्नायूही फाटलेला असतो, त्यामुळे टाके थरांत असतात. वरचा एक सुटला म्हणून आतले उसवले असं होत नाही. उसवलं की वेगळं दिसतं: दोन कडांमध्ये फट पडते आणि आतला लालसर भाग डोळ्यांना दिसतो.

ते पाहायचं असेल तर हात धुऊन, पाठ टेकून, गुडघे वाकवून बसा आणि पायांमध्ये छोटा आरसा धरा. मोबाइलने फोटो काढणं बऱ्याच जणींना सोपं जातं. रोज एकच फोटो काढून ठेवला तर डॉक्टरांनाही फरक दिसतो. पहिल्यांदा पाहताना घाबरायला होतं, कारण सगळं सुजलेलं आणि अनोळखी दिसतं, म्हणून नेमकं काय शोधायचं ते ठरवूनच पाहा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त लाल, ताणलेली, चकचकीत आहे का? स्वच्छ बोटाच्या पाठीने स्पर्श केल्यावर ती गरम लागते का? कडा जुळलेल्या आहेत की मध्ये फट आहे? दाट पिवळा-हिरवा पू एखाद्या टाक्याच्या भोकातून येतोय का? जखमेवर पातळ पांढरट-पिवळी साय दिसली तर ती पू असेलच असं नाही. भरणाऱ्या जखमेवर तशी साय धरते, पण तिला वास नसतो आणि भोवतीचा भाग ठणकत नाही. बोट आत घालून चाचपू मात्र नका.

पॅडवरचा रंग एकट्याने फसवतो, कारण गर्भाशयातून येणारा स्रावही याच वाटेने येतो. तो पहिले तीन-चार दिवस लाल असतो, नंतर गुलाबी-तपकिरी, आणि दहाव्या दिवसाच्या आसपास पिवळसर-पांढरा व्हायला लागतो. तुमच्या नवव्या दिवशी पिवळसर डाग एवढ्याने मी घाबरले नसते. त्या स्रावाला पाळीसारखा, थोडा लोखंडी वास असतो. कुजल्यासारखा, नाकाला झोंबणारा वास आला की तो जखमेतून येतोय की आतून, हे डॉक्टरांनी तपासायला हवं. त्याचबरोबर ओटीपोटात दुखत असेल तर गर्भाशयाला संसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते. आणि क्वचित, पण मी हे मुद्दाम विचारायला सांगते: टाके घालताना रक्त टिपायला आत ठेवलेला कापसाचा बोळा किंवा गॉज राहून गेलाय का? असं घडतं आणि तेव्हा पहिली खूण वासच असते. विचारायला संकोच करू नका, डॉक्टर आत तपासून एका मिनिटात खात्री करून देतात.

तिथे काय होईल ते आधीच सांगते, म्हणजे भीती कमी होईल. आधी नुसतं पाहतील, मग कडा हलकेच दाबून पू येतो का बघतील. कदाचित तिथला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन तपासणीला पाठवतील. आतल्या स्नायूला धक्का लागलाय का हे कळण्यासाठी गुदद्वारातूनही बोटाने तपासणी करू शकतात. सौम्य संसर्ग असेल तर अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळतील. 'मी अंगावर पाजते' हे आवर्जून सांगा. दूध न तोडता घेता येतील अशी अँटिबायोटिक्स भरपूर आहेत. मिळालेला कोर्स पूर्ण करा. दोन दिवसांत ठणका उतरायला लागला पाहिजे. नाही उतरला तर तिसऱ्या दिवशी परत दाखवायचं, कोर्स संपायची वाट पाहायची नाही.

पू साठला असेल तर एक-दोन टाके सोडून वाट करून देतात. ते ऐकून पेशंट बिचकतात, पण पू निघाला की ठणका तासाभरात हलका होतो. कडा थोड्या उसवल्या असतील तर बहुतेक वेळा लगेच पुन्हा टाके घालत नाहीत, कारण जंतू असलेल्या जागेवर टाके घातले की पू आत कोंडला जातो. अशी जखम तळापासून वर भरत येते. वेळ लागतो, काही आठवडे, पण भरते. फट मोठी असेल तर संसर्ग साफ झाल्यावर पुन्हा शिवण्याचा पर्यायही असतो. कुठला मार्ग घेताय आणि का, हे विचारून घ्या.

गोळ्यांबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. दुखणं सहन केल्याने बाळाला काही फायदा झालेला नाही. तुम्ही अंग आखडून बसलात, नीट झोपला नाहीत, शौचाला टाळलंत, इतकंच. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही दुधात अगदी नगण्य प्रमाणात उतरतात. पॅरासिटामॉल तर ताप आलेल्या तान्ह्या बाळांनाही डॉक्टर देतात. सर्वसाधारण प्रौढ डोस असा: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दर सहा तासांनी, चोवीस तासांत आठपेक्षा जास्त नाहीत. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, ते मोजायला विसरू नका. त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून तीनदापर्यंत चालतं. अल्सर, किडनीचा त्रास, अशा गोळ्यांनी वाढणारा दमा, गरोदरपणात वाढलेलं बीपी किंवा बाळंतपणात जास्त झालेला रक्तस्राव, यातलं काही असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कोडीनच्या गोळ्या पाजणाऱ्या आईने टाळाव्यात, त्यांनी बाळ सुस्त होऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. ॲस्पिरिनही दुखण्यासाठी घेऊ नका.

'फारच दुखलं तर घेईन' या पद्धतीने गोळ्या कमी काम करतात. दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी घ्या, मग अंतर वाढवत सोडा. आजच्यापुरता एकच नियम: पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो, म्हणून गोळी घेण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा.

बर्फाचा शेक खरा उपयोगाचा पहिल्या दोन-तीन दिवसांत. तुम्हाला आता सूज पुन्हा वाटत असेल तर फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवायला हरकत नाही, थेट त्वचेवर मात्र कधीच नको. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसल्याने बरं वाटतं, तेवढंच करा. त्यात मीठ किंवा जंतुनाशक घातल्याने जखम लवकर भरते असं नाही. कडक जंतुनाशकाने उलट नवी त्वचा भाजते आणि ती आग संसर्गाची आहे की औषधाची हेच कळत नाही. मधल्या भोकाची गोल उशी मी सुचवत नाही. तिच्या कडांमुळे मधल्या भागावर ताण येतो आणि सूज टिकून राहते. कुशीवर झोपून पाजा.

लघवीला झोंबतं म्हणून पाणी कमी पिणं ही आमच्याकडे नेहमी दिसणारी चूक. त्याने लघवी गडद होते आणि जास्तच झोंबते. लघवी करतानाच बाटलीने कोमट पाणी जखमेवर ओतत राहा, झोंबणं निम्म्याने कमी होईल.

आणि शौच. टाके शौचाने तुटत नाहीत, हे माझं उत्तर. जोरात कुंथण्याने ताण पडतो, पण तीन दिवस थांबवून ठेवलेल्या खड्यासारख्या शौचाला कुंथावंच लागतं. म्हणजे घाबरून टाळल्याने नेमकी तीच वेळ येते. डॉक्टरांकडून लॅक्टुलोजसारखं शौच मऊ करणारं औषध मागून घ्या. ते साधारण १५ मिलिलीटर दिवसातून दोनदा देतात, आतड्यात पाणी धरून ठेवून शौच मऊ करतं आणि पाजताना सुरक्षित आहे. परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा आज घेऊन आजच होईल अशी अपेक्षा नको. बसताना पायांखाली छोटा पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील आणि वाट सरळ होईल. पुढे थोडं वाका. स्वच्छ पॅड घडी करून टाक्यांवर पुढून हाताने आधार द्या आणि श्वास रोखण्याऐवजी तोंडाने सोडत राहा. माझ्या एका पेशंटने पाच दिवस शौच अडवून धरलं होतं. या आधाराने तिला जमलं, आणि बाहेर आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, 'एवढ्यासाठी मी रडत होते?'

धुणं पुढून मागे, साध्या पाण्याने, दरवेळी. मग मऊ फडक्याने टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. पॅड तीन-चार तासांनी बदला, भरला नसला तरी. पावडर, मलम, तेल काही नको. हात शौचानंतर धुतो तसे आधीही धुवा, विशेषतः घरात कुणाचा घसा दुखत असेल तर. घशात राहणारा एक स्ट्रेप्टोकोकस जंतू हातावरून या जखमेपर्यंत पोचू शकतो, आणि बाळंतिणीला तो फार वेगाने आजारी पाडतो.

ज्यासाठी उद्या सकाळचीही वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजले तरी उठून इमर्जन्सीत जायचं, ते असं. १००.४ किंवा त्याहून जास्त ताप, किंवा हुडहुडी भरणं. छाती धडधडणं, श्वास भराभर चालणं, चक्कर, भ्रम, लघवी फार कमी होणं. लाली मांडीकडे किंवा ढुंगणाकडे पसरत जाणं, त्वचा निळी-जांभळी पडणं. दिसतं त्याच्या मानाने दुखणं भयंकर असणं. तासाभरात पॅड भिजून जाईल असा रक्तस्राव. घरच्यांनाही हे वाचायला द्या, कारण भ्रम झालेल्या बाईला आपल्याला भ्रम झालाय हे कळत नाही.

आणखी दोन गोष्टी विचारल्या तरच कळतात, बायका त्या स्वतःहून सांगत नाहीत. वारा सरताना आवरता येतो का? शौचाची घाई लागल्यावर थांबवता येते का? येत नसेल तर गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटलेलं असण्याची शक्यता आहे. ती तिसरी डिग्री, आणि ती सुरुवातीला नजरेतून सुटू शकते. वारा किंवा शौच योनीमार्गातून येतंय असं वाटलं तर तेही त्याच दिवशी सांगायचं.

संसर्ग नाही असंच निघालं तर? तेही होऊ शकतं. एखादा टाका घट्ट बसलेला असतो, सूज उतरताना तो ओढतो आणि त्या एका जागी टोचत राहतं. डॉक्टर तो कापून देतात आणि काम संपतं. तुमची फेरी फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

सहा आठवड्यांच्या तपासणीला तरीही जा. तोपर्यंत बाहेरून सगळं भरलेलं दिसेल. कधी कधी टाक्यांच्या रेषेवर मऊ, लालबुंद मांसाचा दाणा वाढतो. त्याला हात लागला की रक्त येतं. तो कॅन्सर नव्हे, जखम जरा जास्तच उत्साहाने भरल्याची ती खूण आहे, आणि सिल्व्हर नायट्रेटची काडी लावून ओपीडीतच जाळता येतो. नवऱ्याजवळ जाणं जखम भरून दुखणं थांबेपर्यंत थांबवा. त्यानंतरही पाजत असेपर्यंत तिथे कोरडेपणा राहतो, तेव्हा दुखलं तर ते टाक्यांमुळेच असेल असं नाही. ते त्या तपासणीत बोला. आज मात्र एवढंच करा: ताप मोजा, फोटो काढा, गोळी घ्या, आणि बाळाला घेऊन निघा.